ताळेबंदावरचे बारा लाख आणि बँकेतले साडेसहा

«एकूण खर्चाला फ्लॅटच्या संख्येने भागलं की आपला मेंटेनन्सचा वाटा कळतो. ताळेबंदात इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा सिंकिंग फंड १२ लाख आहे, ऑडिट झालंय, वर शिल्लकही आहे. आणखी काय तपासायचं?»

सोसायटीचे हिशेब बघून असं म्हणणाऱ्याची पहिली चूक भागाकाराच्याही आधी होते. उत्पन्न-खर्च पत्रकात दोन्ही बाजू जुळवण्यासाठी वर्षाची शिल्लक खर्चाच्या बाजूला लिहितात. त्यामुळे तळाची बेरीज म्हणजे खर्च नव्हे.

गोव्यातल्या फोंड्यातली २४ फ्लॅटची, २००४ ची एक इमारत उदाहरणासाठी धरू. खर्चाच्या बाजूची बेरीज ७,४४,००० रुपये. त्यात ७२,००० शिल्लक आणि ४८,००० घसारा. घसाऱ्याचे पैसे कुणाच्या हातात जात नाहीत. दोन्ही वजा केले की प्रत्यक्ष खर्च उरतो ६,२४,०००.

हा आकडाही सरळ २४ ने भागायचा नाही. वॉचमन, झाडलोट, जिन्यातली वीज, लिफ्ट यांवरचे ४,८०,००० सर्वांना सारखे, म्हणजे फ्लॅटमागे वर्षाला २०,०००. दुरुस्तीचे १,४४,००० मात्र क्षेत्रफळावर लावले, तर १२ फ्लॅट ६० चौरस मीटरचे आणि १२ फ्लॅट १०० चे असताना दर येतो चौरस मीटरला ७५ रुपये. लहान फ्लॅटचा वाटा २४,५००, मोठ्याचा २७,५००. कोणता खर्च कशावर वाटायचा हे तुमच्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींत लिहिलेलं असतं. गोव्यात २००१ चा स्वतःचा सहकारी संस्था कायदा आहे. तेव्हा मुंबईच्या नातेवाइकाने पाठवलेले महाराष्ट्राचे आदर्श उपविधी दाखवून कमिटीशी भांडू नका, आपली प्रत मागा.

आता त्या ७२,००० च्या शिल्लकेकडे बघा. प्रत्येक फ्लॅटकडून महिन्याला २५० रुपये सिंकिंग फंड घेतला जातो. २५० गुणिले २४ गुणिले १२ किती होतात? बरोबर ७२,०००. म्हणजे फंडाची वर्गणी उत्पन्नात धरली गेली आणि तिलाच शिल्लक म्हटलं गेलं. ती वजा केली तर सोसायटीने काहीच वाचवलेलं नाही. ही वर्गणी थेट ताळेबंदात, फंडाच्या खात्यावर जायला हवी. खात्री करायची तर गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या फंडाचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. वर्गणी जमली आणि फंड वाढलाच नाही, तर पैसे रोजच्या खर्चात गेले.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बारा लाखांची. ताळेबंदात फंड देण्यांच्या बाजूला असतो. इतके पैसे सभासदांचे म्हणून राखले पाहिजेत, एवढंच तो आकडा सांगतो. ते आहेत कुठे, हे मालमत्तेच्या बाजूला शोधायचं. आपल्या इमारतीत तिथे मुदत ठेव ६,५०,०००, बचत खातं ९०,००० आणि «सभासदांकडून येणे» ४,६०,०००. बचत खात्यातून पुढच्या महिन्याचं वीजबिल भरायचं आहे. म्हणजे फंडाचे साडेपाच लाख ठेवीत नाहीतच; त्यातला मोठा भाग थकबाकीदारांकडे अडकलाय. गोव्यात मालक परदेशात किंवा मुंबईत आणि फ्लॅट वर्षभर बंद, हे नेहमीचंच. म्हणून थकबाकीची यादी नावानिशी मागा, ठेवीच्या पावत्या डोळ्यांनी बघा. पावती सोसायटीच्याच नावावर आहे का, तिच्यावर कर्ज उचललंय का, व्याज फंडात जमा होतं की मेंटेनन्समध्ये जिरतं, हे विचारा.

ऑडिटर हिशेब नियमाप्रमाणे मांडलाय का ते पाहतो. खांबातली सळी किती गंजलीय, हे त्याच्या कामात येत नाही. इथल्या पावसात नि खाऱ्या हवेत खरा प्रश्न तोच आहे. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अंदाज लागतो, आणि तो दुरुस्तीचं काम घेणाऱ्या कंत्राटदाराकडून घेऊ नये.

समजा इंजिनिअरने सांगितलं, सहा वर्षांत खांब-तुळयांच्या दुरुस्तीला ३० लाख लागतील. हातात खरे साडेसहा आहेत, म्हणजे २३.५ लाख कमी. सहा वर्षं, २४ फ्लॅट: प्रत्येकी महिन्याला सुमारे १,३६०. व्याज आणि वाढती मजुरी साधारण एकमेकांना खातात असं मी इथे धरलंय. मजुरी जास्त वाढली तर हाही आकडा अपुरा पडेल. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंगकाम यात धरलेलं नाही, ते दुरुस्ती निधीतून.

उपविधीतला दर मूळ बांधकाम खर्चावर असेल तर तो २००४ च्या भावातच अडकून राहतो, म्हणून २५० रुपये नियमात बसूनही कमी पडतात. वाढीचा ठराव सर्वसाधारण सभेतच होतो. विषयपत्रिका निघण्याआधी कमिटीला लेखी पत्र द्या, सोबत इंजिनिअरचा अहवाल जोडा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.