आरडीचं ‘अर्धं’ व्याज जातं कुठे?

> “आरडीवाल्यांनो, डोळे उघडा! महिन्याला ५,००० म्हणजे वर्षाचे ६०,०००. बँक म्हणते व्याज ७ टक्के, म्हणजे ४,२०० मिळायला पाहिजेत. हातात येतात फक्त २,३११! खरा दर ३.८५ टक्केच. वरून व्याज तिमाहीला जोडतात, मधल्या दोन महिन्यांचं व्याज बँकेच्या घशात. हेच ६०,००० एफडीत टाकले असते तर ४,३०० च्या वर मिळाले असते. आजच आरडी बंद करा. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

हा मेसेज आधी मनीषनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग भिशीच्या ग्रुपवर, आणि परवा इतवारीतल्या एका दुकानदारानं मोबाइल पुढे करून विचारलं, “हे खरं आहे का हो?” मेसेजची खुबी अशी की त्यातले आकडे खोटे नाहीत. ७ टक्के दरानं ५,००० ची वर्षभराची आरडी ६२,३११ रुपयांच्या आसपासच सुटते, आणि एफडीचा आकडाही बरोबर आहे. गफलत आहे ती कोणता आकडा कशाशी ताडून बघायचा, यात.

४,२०० पासूनच सुरुवात करू. एवढं व्याज मिळायला ६०,००० रुपये पूर्ण वर्षभर बँकेत पडून असायला हवेत. समजा तुम्ही ५ एप्रिलला खातं उघडलं. त्या दिवशी बँकेकडे तुमचे ५,००० आहेत, बाकीचे ५५,००० अजून तुम्हाला पगारात मिळायचे आहेत. एप्रिलचा हप्ता पुढच्या ५ एप्रिलपर्यंत म्हणजे बारा महिने राहतो, मेचा अकरा महिने, जूनचा दहा. असं करत मार्चमध्ये भरलेला शेवटचा हप्ता जेमतेम एक महिना राहतो. भाडेकरू दिवाळीनंतर राहायला आला तर त्याच्याकडे गुढीपाडव्यापासूनचं भाडं कोणी मागत नाही, तसंच हे. जो हप्ता जितके महिने राहिला, तितक्याच महिन्यांचं व्याज.

आता बारा, अकरा, दहा असं एकपर्यंत जोडत जा. बेरीज ७८ येते. म्हणजे व्याजापुरतं बघायचं तर तुम्ही ५,००० रुपये ७८ महिने ठेवल्यासारखं झालं. ५,००० वर ७ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं २९ रुपये १७ पैसे. ते ७८ पट केलं की २,२७५. हे सगळं सरळ व्याज आहे, चक्रवाढ अजून यात आलेलीच नाही. ती आली की आकडा २,३११ वर जातो. व्याज कुणी अर्धं केलेलं नाही. पैसाच सरासरी निम्म्या वर्षाच्या जरा वर, साडेसहा महिने, बँकेत होता.

त्या ३.८५ टक्क्यांचं कोडंही इथेच सुटतं. २,३११ ला ६०,००० नं भागलं की ३.८५ येतात हे ठीक, पण तो साडेसहा महिन्यांचा परतावा झाला, वर्षाचा नव्हे. वर्षाचा दर काढायचा तर वर्षभरात सरासरी किती रक्कम जमा होती ते बघायला हवं. ७८ हप्ता-महिन्यांना बारानं भागून ५,००० नं गुणलं की ३२,५०० येतात. २,३११ हे ३२,५०० चे ७.११ टक्के. सांगितलेल्या सातपेक्षा थोडे जास्तच, आणि ते जास्तीचं चक्रवाढीमुळे. तरीही लोक हा ३.८५ चा आकडा घेऊन बचत खात्याच्या दराशी तुलना करतात, आणि मग “फरकच काय राहिला” म्हणून आरडी मोडतात. मोडली की जितके महिने खातं चाललं तेवढ्या मुदतीचा दर लागतो, तो बहुधा कमी असतो, आणि बऱ्याच बँका त्यातूनही दंड म्हणून काही कापतात. मेसेजनं खरं नुकसान कुणाचं केलं असेल तर ते अशांचं.

तिमाहीचा मुद्दा जरा सावकाश बघू, कारण इथे शिकलेली माणसंही अडखळतात. व्याज तिमाहीला *जोडतात* आणि व्याज तिमाहीलाच *मोजतात* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजणी प्रत्येक महिन्याची होते. मुद्दलात भर मात्र तीन महिन्यांनी पडते. आपल्याच खात्यावर हे वहीत करून पाहता येतं. पहिल्या तिमाहीत तीन हप्ते आले, एप्रिल, मे, जून. ५ जुलैपर्यंत एप्रिलचा हप्ता तीन महिने राहिला, मेचा दोन आणि जूनचा एक. एकूण सहा महिने, म्हणजे २९.१७ च्या सहापट, १७५ रुपये. मधले महिने वगळले असते तर हा आकडा आलाच नसता. ५ जुलैला खात्यात झाले १५,१७५.

पुढच्या तिमाहीत या सगळ्या १५,१७५ वर तिमाहीचा दर लागतो. वर्षाचे ७ म्हणजे तिमाहीचे १.७५ टक्के, तेव्हा २६५ रुपये ५६ पैसे. त्या १७५ वरही व्याज मिळालं, हीच चक्रवाढ. शिवाय जुलै ते सप्टेंबरचे नवे तीन हप्ते आणि त्यांचे पुन्हा १७५. ५ ऑक्टोबरला ३०,६१५.५६. याच रीतीनं ५ जानेवारीला ४६,३२६.३३ आणि ५ एप्रिलला ६२,३१२.०५.

बँकेचा आकडा ६२,३११ आणि आपला ६२,३१२. हा एक रुपया कुठे गेला, असं विचारणारा एखादा तरी निघेलच. बँका साधारण एका ठरलेल्या सूत्रानं मुदतपूर्तीची रक्कम काढतात. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये ते असं लिहायचं:

```
=5000*((1+7/400)^4-1)/(1-(1+7/400)^(-1/3))
```

यात ५००० हा हप्ता, ७ हा दर, आणि `^4` म्हणजे चार तिमाह्या. इथे बारा महिने म्हणून १२ घातले तर तीन वर्षांच्या आरडीचं उत्तर येतं. घरी हिशेब करणाऱ्यांची ही नेहमीची चूक. `-1/3` आलं कारण महिना हा तिमाहीचा तिसरा भाग. उत्तर येतं ६२,३१०.६६. आपण वहीत तिमाहीच्या आतला महिना सरळ व्याजानं मोजला, सूत्र तोही चक्रवाढीच्या मापानं मोजतं. त्यामुळे सूत्राचं उत्तर किंचित कमी येतं, दीड रुपयाच्या आतबाहेर. आणि बँकेनं उद्या दर महिन्याला व्याज मुद्दलात जोडायचं ठरवलं, तरी याच आरडीवर मिळतील ६२,३२४. वर्षाला चौदाएक रुपये जास्त. “बँकेच्या घशात” जे जातंय म्हणतात त्याचं माप एवढं आहे.

एफडीबद्दल. ६०,००० एकरकमी ७ टक्क्यांनी वर्षभर ठेवले तर तिमाही चक्रवाढीनं ६४,३१२ होतात, व्याज ४,३१२. ज्याच्या बचत खात्यात आजच ६०,००० पडून आहेत आणि तो त्यातून महिन्याला ५,००० काढून आरडी भरतोय, त्यानं एफडी करावी, हे मेसेजवाल्याचं शंभर टक्के खरं. असे लोक आहेत, विशेषतः निवृत्तीचा पैसा हाती आलेले, आणि त्यांना हे कुणी तरी सांगायलाच हवं. पण ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याच्याकडे एप्रिलमध्ये ते ६०,००० नसतात. त्याच्यासमोरचा दुसरा पर्याय म्हणजे दर महिन्याला ५,००० ची वेगळी एफडी, पहिली बारा महिन्यांची, मग अकराची, शेवटची एका महिन्याची. इथे आरडी उलट सरस ठरते. महिना-दोन महिन्यांच्या एफडीचा दर वर्षाच्या दरापेक्षा सहसा बराच खाली असतो. आरडीत मात्र मार्चच्या त्या शेवटच्या हप्त्यालाही, तो एकच महिना राहणार असला तरी, खातं उघडताना ठरलेला वर्षाचाच दर मिळतो. मध्ये दर उतरले तरी हप्त्यांना तोच दर. चढले तर अर्थात वाढीव दर मिळत नाही.

मेसेजवाल्यानं सगळीकडे बोट दाखवलं, पण जिथे पैसा खरोखर जातो ती जागा त्याच्या नजरेतून सुटली. बुटीबोरी एमआयडीसीत कामाला असलेल्या, आमच्या ओळखीतल्या एका पोराची आरडी अशीच ५,००० ची आणि याच दराची होती. वर्ष संपल्यावर हातात आले ६२,०११. त्याला हा मेसेज पाठच झालेला, त्यामुळे तो “बँकेनं चक्रवाढ खाल्ली” म्हणून पासबुक घेऊन आला. पासबुकात चार ठिकाणी ७५.०० ची नोंद होती. हप्ता खात्यातून आपोआप वळता व्हायची तारीख ५, आणि कंपनीचा पगार पडायचा ७ ला, कधी ८ ला. चार महिने ५ तारखेला खात्यात पुरेसे पैसे नव्हते. हप्ता गेला नाही, याला पत्ता नाही, आणि पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम भरले गेले. अनेक बँकांत उशिराच्या हप्त्याला दंड महिन्याला शेकडा दीड रुपया असतो. ५,००० वर तो होतो ७५, आणि त्याच ५,००० वर महिन्याचं व्याज आहे २९. म्हणजे एक हप्ता महिनाभर चुकला की त्याच्या अडीच महिन्यांच्या व्याजावर पाणी. चार चुकांचे ३०० गेले, वर्षभराच्या व्याजातला आठवा हिस्सा. चौदा रुपयांसाठी भांडायला निघालेल्या माणसाचे तीनशे असे गेले होते.

काही बँका त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत हप्ता भरला तर दंड लावत नाहीत, काही ठरलेल्या तारखेपासूनच मोजतात. तुमच्या बँकेचा नियम कोणता आणि उशिराचा दर किती, हे खातं उघडतानाच काउंटरवर विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवा. मुदत संपल्यावर पावतीवर छापलेल्या रकमेपेक्षा कमी मिळालं, तर वजाबाकी करून आलेला फरक आधी या दंडानं भागून बघा. पूर्ण भाग गेला तर कारण सापडलं. नाही गेला तर टीडीएस कापलाय का ते पाहा. आरडीच्या व्याजावर तो २०१५ च्या जूनपासून लागू आहे, पण मर्यादा त्या बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवींच्या व्याजाला मिळून असते, नुसत्या २,३११ वर तो कापला जात नाही. त्या पोरानं या वर्षी नवी आरडी काढली, हप्त्याची तारीख १० ठेवली.