बस येईल, थांबा

पहिला मोठा पाऊस पडला की सगळ्यात आधी कोरे पांढरे बूट काढायचे. कॅनव्हासचे असतील तर उत्तम, कारण ते पाणी पितात आणि संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत. छत्री घेऊ नका, ती अजून माळ्यावर आहे आणि कॅलेंडरवर मे आहे, मेमध्ये छत्री काढणारा माणूस घाबरट दिसतो. मुंबईत मान्सून यायची ठरलेली तारीख ११ जून, तेव्हा १० जूनच्या रात्री छत्री शोधायला घ्यायची हा माझा शिरस्ता. २०२५ साली मात्र पावसाने ती तारीख पाळली नाही, तो २६ मे लाच आला, सोमवारी, आणि मी सकाळी दहाला हिंदमाताच्या बसस्टॉपवर पांढऱ्या बुटांत उभा होतो. तुम्हीही असेच उभे राहा. माझ्या अनुभवाचा फायदा कुणाला तरी झाला पाहिजे.

आधी जागा. पाणी बघायचं तर हिंदमाताच, उगाच दुसरीकडे वेळ घालवू नका. परळ आणि दादरच्या मधली ही बशी आहे, चारही बाजूंनी रस्ते उतरत येतात आणि पाणीही त्यांच्यासोबत उतरतं. इथले कापडाचे दुकानदार हे पिढ्यानपिढ्या जाणतात. पाऊस धरला की तळाच्या फळीवरचे गठ्ठे न बोलता वर जातात. कपाळावर आठीसुद्धा नाही. तुम्ही मात्र दुकानदारांकडे बघू नका, फोनकडे बघा. फोनमध्ये बसची वेळ दिसते, चार मिनिटं. मग परत चार मिनिटं. अर्ध्या तासाने पण चार मिनिटंच दिसतं आणि तरी आपला विश्वास ढळत नाही, यालाच मी शिक्षण म्हणतो.

स्टॉपवर दुसरं माणूस असणारच. माझ्या वेळी एक कोळीण मावशी होत्या, स्टीलच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या, शेजारी पाटी, पाटीवर निळं प्लास्टिक दोरीने करकचून बांधलेलं आणि हातात लांब दांड्याची काळी छत्री, मिटलेली. पाणी तेव्हा घोट्याला होतं. अशा वेळी अनोळखी माणसाशी बोलायचं नाही हा पहिला नियम. आपण शिकलेले, आपल्याकडे तीन अ‍ॅप आहेत, एकात ढग दिसतो, एकात ढगाखाली रेघा, तिसऱ्यात इशाऱ्याचा रंग. बाकावर बसलेल्या बाईला काय विचारायचं?

दुसरा नियम, टेकायला काहीतरी शोधा. स्टॉपला जाहिरातीची ती काचेची पेटी असते ना, आतून दिवा लागणारी, ती छान. पाण्यात उभं राहून वीज असलेल्या लोखंडाला पाठ लावायची म्हणजे कसं आपलेपण वाटतं. मी लावणारच होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पोरा, त्या पेटीला टेकू नको. खांबाला पण नको. हिकडं ये, बाकावर चढ."

मी म्हटलं, "नाही मावशी, बस येईलच आता."

त्या हसल्या नाहीत, काही नाही, नुसत्या माझ्या बुटांकडे बघत राहिल्या. ते जास्त लागलं.

पाणी पोटरीला आलं तेव्हा मी बाकावर चढलो, त्याही आधी नाही, आपल्याला मान आहे. आता दोन अनोळखी माणसं एका बाकावर, मध्ये पाटी, आणि पाटीतून येणारा वास म्हणजे बोंबलांचा, आणि सोमवार. सोमवारी मासे कोण घेतं? मी तसं बोललो पण (नियम मोडला, तुम्ही मोडू नका). मावशी म्हणाल्या, सोमवार काय आणि अमावास्या काय, एक तारखेपासून बोटी बंद, दोन महिने, मग कुठला बोंबील आणि कुठली पाटी, आता मिळेल तो दिवस आपला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते हे मला ऐकून माहीत होतं, त्याचा अर्थ कुणाच्यातरी घरातला मे महिन्याचा शेवटचा आठवडा असा होतो हे डोक्यात आलं नव्हतं.

"मग तुमची कुठली बस?" मी विचारलं.

"मला कुठं बस पायजे? मी ओहोटीला थांबलेय."

इथे तुम्ही काय करायचं, तर मनातल्या मनात मावशींची कीव करायची. समुद्र कुठे, हिंदमाता कुठे, बिचाऱ्या जुन्या माणसाचं काहीतरी असेल असं म्हणायचं आणि परत फोन बघायचा, चार मिनिटं. मी तेच केलं. पण मावशी स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या आणि पावसाचा आवाज असा होता की ऐकायला जवळ सरकावं लागलं.

हिशोब असा. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार. आज अमावास्या लागतेय, म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि अमावास्या-पुनवेची भरती म्हणजे उधाणाची, मोठी, अष्टमीची असते ती भांगाची, लहान. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण जाळं टाकायला तेवढं पुरतं. मी फोनवर भरतीची वेळ शोधली. मावशींच्या आकड्यापासून फार लांब नव्हती. मी ते त्यांना सांगितलं नाही, उगाच कशाला.

आता समुद्राचा आणि माझ्या बुटांचा संबंध काय, तर तो असा की या बशीतलं पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून रे रोडच्या बाजूला जातं, तिथे ब्रिटानिया नावाचं पंपिंग स्टेशन आहे आणि पुढे खाडी. मुंबईच्या नाल्यांची समुद्राकडची बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. दरवाजे उघडे ठेवले तर समुद्रच आत येणार, म्हणून मोठ्या भरतीत ते बंद करायचे आणि पंपांनी पाणी बाहेर फेकायचं, आणि पंप तरी किती फेकणार. जुनी गटारं बांधली ती तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने, तेही ओहोटी असेल तर. २५ मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, बोटाच्या एका पेराएवढं, पण एका एकरावर तेवढा पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा लिटरच्या दहा हजार बादल्या, एका तासात, एका एकरावर. आणि इथे तर आजूबाजूचे किती एकर उतारावरून आपल्या बादल्या घेऊन येतायत. शेजारच्या बागेखाली आणि मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्यात पाणी साठवायला, त्याने पूर्वीसारखं छातीपर्यंत येत नाही हे खरं. पण पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं की टाकी ती टाकीच.

म्हणजे मावशी ज्याची वाट बघत होत्या ते खरंच येणार होतं, आणि मी ज्याची वाट बघत होतो ते?

ते वरून गेलं. अकराच्या सुमारास मी सहज मान वर केली तर उड्डाणपुलावरून लाल बस जात होती. माझ्याच नंबरची. मग दुसरी. इथे पाणी भरलं की गाड्या वरून वळवतात, दोन पुलांच्या मधला रस्तासुद्धा त्यासाठी उंच करून घेतलाय, गाड्या कोरड्या निघून जातात. खाली स्टॉप आहे, स्टॉपवर बाक आहे, बाकावर मी आहे, बस वर आहे. किती सुटसुटीत.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"पानी भरलं की वरूनच जाते ना गाडी. दरसाल."

"मग सांगितलं का नाही?"

"तू कुठं विचारलंस?"

यापुढचा सल्ला फार महत्त्वाचा. असा अपमान झाला की तडक पाण्यात उतरायचं आणि रस्ता सरळ मधून कापायचा, चिडून, मोठी मोठी पावलं टाकत. पाणी कुठे गोल फिरतंय, कुठे खालून बुडबुडे येतायत, कुठे कुणी झाडाची फांदी खोचून ठेवलीय, असल्या फालतू गोष्टी बघायच्या नाहीत. मी उतरलोच. तिसऱ्या पावलाला शर्टची कॉलर मागून ओढली गेली, बघतो तर छत्रीची वाकडी मूठ. मावशींनी बाकावरूनच अडकवली होती, गळाला मासा लागावा तशी.

"फांदी दिसत नाय?"

दिसत होती, मला वाटलं वाहून आलीय. पुढे सातआठ फुटांवर होती, पाणी सगळं एका दिशेला चाललं होतं आणि फांदी जागची हलत नव्हती. तिथे मॅनहोल होतं, झाकण काढलेलं होतं की सरकलेलं ते देव जाणे. २९ ऑगस्ट २०१७ ला इथून जवळच एल्फिन्स्टनला डॉ. दीपक अमरापूरकर असेच उघड्या मॅनहोलमध्ये गेले, एवढे नावाजलेले डॉक्टर, घरी चालत निघाले होते. त्यानंतर झाकणांच्या खाली जाळ्या बसवायला लागले. बऱ्याच ठिकाणी बसवल्यात. प्रत्येक ठिकाणी बसवलीय का हे आपण पाय घालून बघू शकता.

मी गप बाकावर परत. मग दीड तास आम्ही दोघं बसलो. त्यांनी डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, अर्धी मला. सोमवार होता. मी खाल्ली. घरी सांगू नका.

साडेबाराला पाऊस थोडा कमी झाला, आणि मग समोरच्या दुकानाच्या भिंतीवर ओली रेघ दिसायला लागली, पाण्याच्या वर बोटभर. मावशींनी ती माझ्याआधी बघितली. अजून थोड्या वेळाने रेघ वीतभर वर राहिली तशा त्या उतरल्या, पाटी डोक्यावर, छत्री हातात. छत्रीने पुढची जमीन ठोकायची, ठक आवाज आला की पाय घासत सरकवायचा, उचलायचा नाही, आणि दुभाजकाची कड सोडायची नाही. मी मागे, त्यांनी जिथे पाय ठेवला तिथेच. एक बूट कुठेतरी चिखलाने काढून घेतला तो मी मागितला नाही.

परळच्या चढावर कोरडं लागलं तिथे त्यांनी माझा उघडा पाय बघितला, टाचेला बूट लागून सोललं होतं. म्हणाल्या, डॉक्टरकडे जा आज, उंदराचं पानी असतंय ते. मी नेटवर वाचलं होतंच की उंदरांमुळे होणारा लेप्टो टाळायला ७२ तासांच्या आत डॉक्टरला विचारून गोळी घ्यायची असते, जखम असेल तर नक्कीच, तापाची वाट बघायची नसते. वाचलेलं सगळं असतंच आपल्याकडे. गेलो शेवटी, तिसऱ्या दिवशी, घरच्यांनी ढकलल्यावर.

निघताना मी म्हटलं मावशी, बोंबील द्या. त्यांनी प्लास्टिक सोडलं, वाटा काढला, दोनशे सांगितले. मी दीडशेला मागितले. त्या माझ्याकडे, मग माझ्या एका पायातल्या एका बुटाकडे बघत राहिल्या.

दोनशेच दिले.