अदृश्य चिन्ह सापडलं, पण ते कुणाच्या मागे आहे? एका प्रतिक्रियेला उत्तर

उचललेला मजकूर पकडणाऱ्या यंत्रणेला चकवण्यासाठी काही जण शब्दांत न दिसणारी चिन्हं किंवा सारखी दिसणारी परकी अक्षरं घालतात. ती शोधायची रीत मी आधी सांगितली होती, त्यावर ही प्रतिक्रिया आली:

> सर, तुम्ही सांगितलेला शोध माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या मराठी प्रबंधावर चालवला. U+200D शेकड्यांनी निघाले. प्रबंध तिने स्वतः टंकलाय, मी साक्षीदार आहे. आता तिला चोर म्हणू का? या चाचण्या इंग्रजीपुरत्या ठेवा, मराठीला लावू नका.

तिला चोर मुळीच म्हणू नका. आधी फाइल उघडून ती चिन्हं कुठे बसली आहेत ते बघा. माझा अंदाज असा की बहुतेक ‘दुसर्‍या’, ‘वार्‍यावर’, ‘तर्‍हा’ अशा शब्दांत असतील. ‘र’चं हे आडवं अर्धं रूप दोन प्रकारे टंकलं जातं. काही कीबोर्ड ऱ (U+0931) आणि हलन्त वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यामागे U+200D हे न दिसणारं जोडचिन्ह. या दुसऱ्या प्रकारातून ते चिन्ह काढलं की ‘दुसर्या’ होतं आणि रफार डोक्यावर चढतो. म्हणजे तिथे ते शुद्धलेखनाचाच भाग आहे. हलन्त पाय मोडून दाखवायला येणारा U+200C हाही तसाच.

म्हणून मराठीत ‘चिन्ह आहे का’ हा प्रश्नच कामाचा नाही. ते कुणाच्या मागे आहे हे बघायचं. या दोन चिन्हांची रास्त जागा हलन्तानंतरची (U+094D). ती सोडून दुसरीकडे दिसली तर थांबावं. U+200B या शून्य रुंदीच्या जागेला मात्र मराठी लेखनात काहीच काम नाही. व्हीएस कोडसारख्या मजकूर-संपादक प्रोग्रॅममध्ये मजकूर साधा म्हणून चिकटवा, शोधाच्या चौकटीत रेगेक्स, म्हणजे नमुन्यानुसार शोध, चालू करा आणि हे दोन शोध एकामागून एक द्या:

```
[\u200B\u2060\uFEFF]|(?<!\u094D)[\u200C\u200D]
[\u0400-\u04FF]
```

पहिला शोध तुमच्या विद्यार्थिनीचे ‘दुसर्‍या’ सोडून देईल. इमोजी असतील तर त्यांतले जोड मात्र दाखवील, तेवढं समजून घ्या.

चकवणाऱ्याचा हेतू एवढाच असतो की जुळणी करणाऱ्या यंत्रणेला ‘महाराष्ट्र’ हा शब्द ‘महा’ आणि ‘राष्ट्र’ असा तुटलेला दिसावा आणि वाचणाऱ्याला मात्र अखंड. तो U+200B दोन अक्षरांच्या मध्ये घालतो. व्यंजन आणि त्याच्या मात्रेच्या मध्ये घातला तर मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते आणि बिंग फुटतं. त्यामुळे छापलेल्या पानावर तुम्हाला काहीच सापडणार नाही, मूळ फाइलच हवी.

एक पळवाट राहते. ‘शब्‍द’मध्ये ब्‌ नंतर U+200D घातला तरी बहुतेक फॉन्टमध्ये शब्द तसाच दिसतो, आणि हलन्तामागे असल्यामुळे माझा शोध त्याला सोडतो. मात्र इथे घाई नको. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात असे जोड सर्रास सापडतात. सगळ्या प्रबंधभर सारखे पसरलेले असतील तर ते टंकलेखनाचं किंवा रूपांतराचं लक्षण. फक्त संशयित तीन पानांत दाट आणि विद्यार्थ्याच्या मनोगतात एकही नाही, असं असेल तर विचारायला जागा आहे. एखाददुसरा U+200B वेबपानावरून नक्कल करतानाही येतो. त्यावरून मजकूर चिकटवला असावा असं म्हणता येईल, लपवला असं नाही.

दुसरा शोध सिरिलिक अक्षरांचा, आणि तो प्रबंधातल्या इंग्रजी गोषवाऱ्यासाठी आहे. रशियन लिपीतला е (U+0435) आणि इंग्रजी e (U+0065) डोळ्यांना एकच. experience या शब्दात तो घातला की यंत्रणेच्या लेखी तो वेगळाच शब्द. संपादक नसेल तर वर्डमध्येच बघा: हा शब्द स्वतःच्या कीबोर्डवरून टंकून शोधा. पानावर नऊ वेळा दिसतोय आणि शोध दोनच दाखवतोय, तर उरलेल्यांपैकी एकात संशयित अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून Alt+X दाबा. अक्षराच्या जागी 0435 आलं तर प्रश्न मिटला. पुन्हा Alt+X दाबलं की अक्षर परत येतं. शुद्धलेखन तपासणीची लाल रेघही अशा शब्दांखाली येते. ती कुठेच दिसत नसेल तर त्या भागाची तपासणीच कुणी बंद केली आहे का ते बघा. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपं एका साच्यात आणणं, केलं की हे आपोआप साफ होतं, असं काही जण सांगतात. होत नाही: त्यातला NFKC हा प्रकारही सिरिलिक е ला इंग्रजी e करत नाही आणि U+200B काढतही नाही.

सारखी दिसणारी अक्षरं मराठीतही आहेत, पण बहुतेक निरागस. ‘दु:ख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम तर निम्मा महाराष्ट्र टंकतो. त्यावरून कुणाला पकडायला निघालात तर आधी माझ्या ब्लॉगचेच जुने लेख सापडतील. ‘आ’ऐवजी अ आणि काना अशी जोडी (U+0905, U+093E) मात्र मी गंभीरपणे बघतो. दिसायला ती काही ठिकाणी ‘आ’च, पण संगणकाला निराळी, आणि युनिकोडच्या मानकात ती वापरू नये असं सांगितलं आहे. एकाच लेखात काही ‘आ’ सरळ आणि काही जोडीचे असतील, तर त्या परिच्छेदांची मूळ फाइल मागवा आणि विद्यार्थ्याला समोर बसवून तोच परिच्छेद त्याच्या नेहमीच्या कीबोर्डवर टंकायला सांगा. कीबोर्डचीच खोड असेल तर ती तिथेच पुन्हा दिसेल.