पाचशे रुपयांचा पाहुणा

व्यवसाय कराचे खाते धर्मशाळेसारखे असावे, असे माझे हिशेबनीसपणाच्या बावीस वर्षांनंतरचे मत आहे. पैसा रात्रीपुरता उतरावा आणि सकाळी सरकारकडे मार्गस्थ व्हावा. पगाराच्या नोंदीत वेतन खाते नावे पडते, कपातीची रक्कम ‘व्यवसाय कर देय’ खात्याला जमा होते आणि उरलेले कर्मचाऱ्याला मिळते. चलन भरले की तेच देय खाते नावे आणि बँक जमा, म्हणजे शिल्लक शून्य.

यंदा फेब्रुवारीचे चलन भरल्यावर मात्र त्या धर्मशाळेत पाचशे रुपये मुक्कामाला राहिलेले दिसले.

आमच्याकडे कर लागू असलेली माणसे चव्वेचाळीस. दरमहा दोनशेप्रमाणे ८,८०० रुपये होतात आणि फेब्रुवारीत तीनशेप्रमाणे १३,२००, कारण वर्षाची २,५०० रुपयांची मर्यादा अकरा महिने दोनशे घेऊन भरत नाही. (महिना दोन दिवसांनी आखूड आणि कर शंभराने लांब, ही तक्रार मी दरवर्षी नव्याने ऐकतो.) जानेवारी आणि फेब्रुवारी या दोन्ही महिन्यांची चलने मी याच आकड्यांची भरली होती. तेरीज तर बेरकीपणे जुळत होती. ती जुळणारच, कारण नावे आणि जमा दोन्ही बाजूंनी चूक सारखीच उतरली होती.

साहेब म्हणाले, “पाचशेच ना? किरकोळ उत्पन्नात टाका.” मी नम्रपणे सांगितले की, हे पैसे कुणाच्या तरी पगारातून कापलेले आहेत, ते आपले उत्पन्न कसे होतील?

पाचशेला दोनशेने भाग जाईना, तीनशेने जाईना. दोन दिवस डोके खाजवल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, भाकरीचा तुकडा हातात असताना उजाडले, की दोनशे आणि तीनशे मिळून पाचशे होतात, म्हणजे एकच माणूस जानेवारीत आणि फेब्रुवारीतही जादा कापला गेला आहे. जानेवारीत रुजू झालेल्या एकट्या शिंदेताई होत्या. त्यांचा पगार चोवीस हजार पाचशे, आणि महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला हा कर नाही. माझ्या विवरणपत्राच्या तक्त्यात ही सूट होती; पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ताईंच्या नावापुढे ‘पुरुष’ असे लिहिले होते, आणि पुरुषाला साडेसात हजारांच्या पुढे माफी नाही.

मी नोंद दुरुस्त केली, देय खाते नावे टाकून पाचशे रुपये ताईंच्या खात्यात पाठवले आणि दिलगिरी व्यक्त करायला स्वतः गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “भाऊ, घरातला कर्ता पुरुष मीच आहे, हे तुमच्या सॉफ्टवेअरला बरोबर कळलं होतं.”