एक्क्याण्णव रुपये चोवीस पैसे

क्रेडिट कार्डाची वार्षिक फी वाचवायला निघालो आणि तिच्यापायी अडीच महिने मनस्ताप घेतला. कुपवाडच्या एमआयडीसीत दुसऱ्याचे हिशेब लिहितो मी, त्यामुळे हसू आलं तर हसा.

कार्ड घेतलं तेव्हा पहिलं वर्ष फुकट होतं. दुसऱ्या वर्षापासून 999 रुपये फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,178 रुपये 82 पैसे. वर्षात लाखभर खर्च केला तर माफ. आमचा खर्च सत्तर हजारांवर थांबला आणि 12 जूनच्या बिलात फी येऊन बसली. कस्टमर केअरला फोन केला, फी माफ होईना. म्हटलं मग कार्डच नको.

त्याच बिलात फ्रिजचे 8,400 रुपये मागच्या महिन्याचे राहिलेले होते. मे महिन्याचं बिल मी पूर्ण भरलं नव्हतं, अर्ध्याच्या वर भरून बाकी पुढं ढकलली होती. 20 जूनला सगळं भरलं. फी, व्याज, फ्रिज, पैसा न् पैसा. ॲपमध्ये बाकी शून्य. दुसऱ्या दिवशी कार्ड बंद करायची विनंती नोंदवली, कस्टमर केअरच्या बाईंनीही सांगितलं, "सर, आउटस्टँडिंग शून्य दिसतंय." कार्ड कात्रीनं कापलं, ॲप काढून टाकलं आणि विश्रामबागच्या चौकात जाऊन भेळ खाल्ली.

इथंच चुकलं. बाकी पुढं ढकलली की व्याज रोज चढतं आणि ते दिसतं पुढच्या बिलात. माझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. 8,400 रुपयांवर रोजचे साधारण 9 रुपये 67 पैसे. 12 जूनला बिल निघालं आणि मी भरले 20 तारखेला. मधले आठ दिवस, 77 रुपये 32 पैसे, वर जीएसटी 13.92. झाले 91 रुपये 24 पैसे. 21 जूनला ॲप शून्य दाखवत होतं ते खोटं नव्हतं, हे पैसे अजून बिलात उतरलेच नव्हते. बँकवाले याला 'अनबिल्ड' म्हणतात. बाईंना मी विचारायला हवं होतं, "आज कार्ड बंद करायला एकूण किती भरू, अनबिल्ड धरून?" बाकी किती, एवढंच विचारलं तर उत्तर शून्यच येणार.

दुसरं खेकटं पोराच्या पिक्चरच्या ॲपचं. महिन्याला 149 रुपये, 25 तारखेला आपोआप कापले जातात. असे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी बँकेनं ग्राहकाला कळवायचं असतं, तसा मेसेज 24 जूनला आलाही होता. मी म्हटलं कार्ड बंद झालंय, काय कापणार! कापले. विनंती नोंदवली म्हणजे खातं बंद झालं असं नसतं, आणि आधी मंजुरी दिलेलं ऑटो डेबिट तोवर चालू राहू शकतं. प्लास्टिक कापून त्याला काही होत नाही. ते बंद करायचं तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये ई-मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या मंजुऱ्यांची, यादी असते तिथून, नाहीतर त्या कंपनीकडं जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करून. (पोरानं मोबाईलवरून ॲप डिलीट केलं होतं. त्यानं सबस्क्रिप्शन बंद होत नाही, हे बापालाही तेव्हाच कळलं.)

बाकी आहे म्हणून बँकेनं विनंती नाकारली. तो मेसेज जाहिरातींच्या गर्दीत गेला. 12 जुलैचं बिल 240 रुपये 24 पैशांचं, ते ईमेलवर, आणि बंद झालेल्या कार्डाचं ईमेल कोण उघडतो? 25 जुलैला परत 149. मुदत 1 ऑगस्टची, ती टळून तीन दिवसांच्या वर गेले तेव्हा लेट फी 100 आणि तिच्यावर 18 रुपये जीएसटी. ऑगस्टच्या बिलात आकडा पाचशेच्या वर गेला आणि वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा मी साहेबांसमोर बसलो होतो.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो, सात दिवसांत कार्ड बंद केलं नाही तर बँक रोज 500 रुपये दंड देते. नियम खरा आहे. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये तो केला. सात कामाचे दिवस, त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये ग्राहकाला. पण पुढची अट त्या मेसेजमध्ये नसते. खात्यावर काही बाकी नसेल तरच. मी मोठ्या तोऱ्यात दंड मागायला गेलो आणि 91 रुपयांनी तोंडावर पाडलं.

गणपती पेठेतला माझा एक मित्र म्हणतो, "फी भरूच नको, कंटाळून तेच बंद करतील." तसं नसतं बाबा. बिलात आलेली फी ही बाकीच. ती ठेवली की लेट फी लागते आणि सिबिलच्या रिपोर्टात थकबाकीचे दिवस दिसायला लागतात. माझ्या रिपोर्टात ते आलेत, आणि कशापायी तर पाचशे रुपयांपायी. बरं, कार्डावर ईएमआय चालू असेल तर बंद करताना उरलेली सगळी रक्कम एकदम मागतात, बहुधा वर मुदतीआधी फेडल्याचा फोरक्लोजर चार्जही.

मिरजेच्या मेहुण्यांनी कार्ड बंद केलं नाही, बिनफीच्या प्रकारात बदलून घेतलं. त्यांचं ते सगळ्यात जुनं कार्ड, खातं तेच राहिल्यानं जुना इतिहास पुढं चालू राहिला. ते मला शहाणपणाचं वाटतं. फक्त त्यांना कार्डाचा नंबर नवीन मिळाला. काही ऑटो डेबिटं नव्या नंबरवर गेली, काही गेलीच नाहीत. सासूबाईंचा आरोग्य विमा राहिला. वर्षातून एकदाच कापला जाणारा हप्ता, 14 हजारांचा, लक्षात कुणाच्या राहतो? मुदत संपल्यावर भरायला 30 दिवसांची सवलत होती म्हणून पॉलिसी वाचली. पण त्या दिवसांत आजारपण आलं असतं तर खर्च खिशातून. दरमहाची डेबिटं तीन महिन्यांच्या बिलांत सापडतात. वर्षाची शोधायची तर पूर्ण बारा महिन्यांची बिलं काढून बसावं लागतं.

पुढं बायकोचं कार्ड बंद करायचं ठरलं तेव्हा फीचा महिना यायच्या तीन महिने आधीच लागलो. पहिल्यांदा ऑटो डेबिटं हलवली, मग कार्ड वापरणं थांबवलं. ओळीनं दोन बिलं शून्याची येऊ दिली. विनंती केली ती ॲपवरून, रेफरन्स नंबरचा स्क्रीनशॉट ठेवला. पत्रानं कळवा म्हणून बँक अडून बसू शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. पाचव्या दिवशी बंद झाल्याचा मेसेज आला, नो ड्यूज लेटर मागून घेतलं. दीड महिन्यानं तिचा सिबिल रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कार्डापुढं 'Closed' आणि बाकी शून्य.

सासूबाईंचा हप्ता आता मेहुण्यांच्या बचत खात्यातून जातो. तरी आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, त्या महिन्याच्या पानावर, बायकोनं लाल पेनानं लिहून ठेवलंय: "आईचा विमा. दादाला फोन."