सुभिक्षाची केस आलीये? आधी चौकोन काढा

उद्या नऊला एमबीएच्या केस स्टडीचं सबमिशन आणि ग्रुपला सुभिक्षा आलीये ना, मग बिनधास्त झोपा, केस वाचायची काही गरज नाही. 1997 ला चेन्नईत सुरू झालेली स्वस्त किराण्याची चेन, 2008 पर्यंत देशभर 1600 च्या आसपास दुकानं, मग पैसे संपले आणि 2009 मध्ये शटर डाऊन, बास, एवढं पुरतं.

आधी स्वॉट काढा. स्ट्रेंथमध्ये लिहा "झपाट्याने विस्तार", आणि वीकनेसमध्येही तेच लिहा, सरांना वाटतं पोरांनी दोन्ही बाजूंनी विचार केलाय. मग पोर्टरचे पाच फोर्सेस, तिथे सप्लायरची ताकद "कमी" टाका, कारण साबण-तेल विकणारे ढीगभर आहेत. उधारी थकली की हाच ताकद नसलेला सप्लायर माल पाठवायचा थांबतो, मग गिऱ्हाईकाला तांदूळ मिळतो पण तेल नाही, आणि तो दोन्ही समोरच्या वाण्याकडून घेऊन जातो, पण हे सांगायला पोर्टरच्या आकृतीतल्या बाणाला जागा नसते. बीसीजीच्या चार चौकोनांत मोबाईल विक्रीला स्टार करा, ग्रोथ दिसते ना, मार्जिन कोण बघतंय.

ग्रुपमध्ये एक तरी खडूस असतोच जो एक्सेल उघडतो. तो म्हणेल, समजा एका दुकानाची रोजची खरेदी 1 लाखाची, माल 15 दिवसांचा भरून ठेवलाय आणि सप्लायरची उधारी 5 दिवसांची, म्हणजे दर दुकानात आपले 10 लाख अडकले, आणि अशी 1000 नवी दुकानं कर्ज काढून उघडली तर 100 कोटी नुसते फळीवर बसलेत, भाडं-पगार वेगळेच. त्याला लगेच फॉरमॅटिंगला बसवा.

नाहीतर तो रेकमेंडेशनपण देईल, एकच, की तामिळनाडूबाहेरची दुकानं बंद करा, तिथला शिल्लक माल चेन्नईच्या रिकाम्या फळ्यांवर आणा, म्हणजे बँकेच्या दारात न जाता थोडी रोकड सुटेल आणि जुनं गिऱ्हाईक टिकेल. वर म्हणेल की वाहतूक, नोटीस पिरियडचं भाडं आणि काढलेल्या माणसांचे पगार वजा करूनही काही उरतंय का ते दुकानागणिक बघा, आणि न उरल्यास माल तिथेच सेलमध्ये काढा. शी, किती बोअर! यात व्हिजन कुठंय?

तुमचं रेकमेंडेशन ठेवा लॉयल्टी कार्ड, ॲप आणि "ब्रँड रिपोझिशनिंग", तिन्ही एकाच वेळी. खर्चाचा आकडा टाकू नका, "फेज वन" म्हणा. डिफेन्समध्ये दर वाक्यात एकदा "लाँग टर्म" यायला पाहिजे.

तरीही सरांनी विचारलंच की ते सगळं ठीक, पण या महिन्याचा पगार कशातून देणार, तर घाबरू नका, स्लाइड पुढे सरकवा. पुढची थँक यूचीच असते.