काही विशेष?

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, लोकमान्य नगरात मामीसासूबाईंकडे. वाण म्हणून स्टीलची गाळणी, घरभर अत्तराचा वास, आणि मी ओटी घ्यायला पदर पसरून उभी. मामींनी बोरं, हरभरे, उसाचे करवे ओटीत टाकले आणि हात तसाच ठेवून हळूच विचारलं, "काय गं, काही विशेष?" डोळे माझ्या तोंडाकडे नव्हते, पोटाकडे होते. मागच्या काकू लगेच म्हणाल्या, "पाच वर्षं होतील ना आता लग्नाला?" शेजारच्या मिश्रा आंटी पण मागे राहिल्या नाहीत, "बेटा, खुशखबरी कब सुना रही हो?"

माझ्या पर्समध्ये त्या दिवशीच लॅबमधून आणलेला रिपोर्ट होता, चार घड्या घालून ठेवलेला. मी हसले, तिळगूळ घेतला, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तो कागद पुन्हा एकदा वाचला.

आज लिहितेय कारण गणपतीपासून संक्रांतीपर्यंत आमचं नक्की काय चाललं होतं हे आम्ही दोघं, सासूबाई आणि डॉक्टर सोडून कोणालाच माहीत नव्हतं, आणि नेमक्या त्याच पाच महिन्यांत हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. सणच असतात ना सगळे त्यात.

तर झालं असं. मला तीनदा दिवस गेलेत. पहिल्यांदा सातव्या आठवड्यात गेलं, दुसऱ्यांदा आठव्या. तिसऱ्यांदा सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले, डॉक्टरांनी स्क्रीन वळवून दाखवले, नवऱ्याने तर मोबाईलवर रेकॉर्ड करायचा पण प्रयत्न केला. नववा संपता संपता परत गेलो तर स्क्रीन वळवलीच नाही त्यांनी. तेव्हाच कळलं मला. गौरी यायला दोन दिवस होते.

आमच्याकडे गौरीजेवणाला तीसेक पानं असतात. मी आतल्या खोलीत पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले होते, आणि सासूबाई बाहेर सगळ्यांना "तिला जरा बरं नाहीये" एवढंच सांगत होत्या. आता बरं नाहीये म्हटल्यावर बायका काय समजणार? एकेक जण दारातून डोकावून हसून जात होती. एक आत्या तर आत आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झोप, झोप, आता दोघांची झोप हवी!" त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मला रागवता पण आलं नाही.

ज्या बायकांना हे होतंय त्यांच्यासाठी आता एक गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण आम्हाला ती दुसऱ्या वेळेला कोणीच सांगितली नाही.

दुसऱ्या वेळेस सफाई झाल्यावर जो टिश्यू निघतो तो तपासणीला पाठवला होता. आम्ही आशेने वाट बघत बसलो की आता कारण कळेल. रिपोर्ट आला, त्यात एवढंच की हा गर्भाचाच भाग आहे. अरे, ते मला माहीतच होतं की! नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की तो टिश्यू फॉर्मलिनमध्ये ठेवून साध्या मायक्रोस्कोपच्या तपासणीला गेला होता. गुणसूत्रं बघायची असतील तर टिश्यू फॉर्मलिनमध्ये घालायचा नसतो, साध्या सलाइनमध्ये, स्वच्छ बाटलीत, लवकरात लवकर जेनेटिक लॅबला पोचवायचा असतो. आणि हे सफाईच्या आधीच सांगून ठेवावं लागतं, नंतर पश्चात्ताप करून उपयोग नाही. तिसऱ्या वेळेस नवऱ्याने ऑपरेशन थिएटरच्या दारात नर्सला दोनदा विचारलं, "सिस्टर, सलाइन ना? फॉर्मलिन नाही ना?" त्या वैतागल्या असतील, पण बाटली बरोबर गेली. सोबत माझं पण रक्त घेतलं, म्हणजे तपासलेल्या पेशी बाळाच्याच आहेत, माझ्या नाहीत, हे त्यांना ताडून बघता येतं.

इतका आटापिटा का, तर सुरुवातीच्या आठवड्यांत जे गर्भ जातात त्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, एखादं जास्त नाहीतर एखादं कमी. ते जवळजवळ सुरुवातीलाच ठरलेलं असतं. त्यात ना पपई येते ना ॲक्टिव्हा. (हो, ॲक्टिव्हा! मी रोज नवलखाहून पलासियाला ऑफिसला जाते त्यावरून एका मावशींनी मला सरळ सांगितलं होतं की इंदूरच्या स्पीडब्रेकरनी घात केला. शहरातल्या निम्म्या बायका गाडीवरच असतात हो मावशी.)

तीनेक आठवड्यांनी रिपोर्ट आला. नॉर्मल. गुणसूत्रं सगळी व्यवस्थित.

नॉर्मल हा शब्द वाचून मी इतकी रडले नव्हते कधी. म्हणजे बाळ ठीक होतं आणि माझ्याच शरीराने ते ठेवलं नाही, असंच डोक्यात आलं. डॉक्टर मॅडम मात्र वेगळंच म्हणाल्या, की गुणसूत्रांची गडबड निघाली असती तर तो नशिबाचा भाग म्हणून पुढे गेलो असतो, आता कारण तुमच्यात शोधायला जागा आहे आणि त्यातल्या एका कारणाला औषध आहे. ते कारण म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज. आपल्याच शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडीज रक्ताच्या गुठळ्या व्हायला मदत करतात आणि वार नीट रुजू देत नाहीत. त्याच्या तीन रक्ततपासण्या असतात: ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा टू ग्लायकोप्रोटीन. नावं ऐकून मी घाबरले होते, पण साधी हातातून रक्त काढायची टेस्ट आहे.

फक्त ती लगेच करायची नसते. गर्भपातानंतर निदान सहा आठवडे थांबायचं, कारण गर्भारपणाचाच परिणाम टेस्टवर होतो. सहा आठवडे म्हणजे दिवाळीच्या तोंडावर रक्त दिलं. ल्युपसवाली पॉझिटिव्ह. मला वाटलं चला, कळलं एकदाचं, आता औषध सुरू. तर नाही. एखाद्या साध्या इन्फेक्शनने पण ह्या अँटीबॉडीज तात्पुरत्या वाढू शकतात, म्हणून एकदा पॉझिटिव्ह आली तर ती धरत नाहीत, १२ आठवड्यांनी पुन्हा करायची, तेव्हाही आली तरच खरी. आणि आम्हाला सांगितलं की तोवर चान्स घेऊ नका.

म्हणजे बघा, भाऊबीजेला आत्या म्हणतायत "आता प्लॅनिंग बास झालं हं", काका म्हणतायत "करिअर करिअर किती दिवस", आणि आम्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॅलेंडरवर १२ आठवडे मोजत बसलोय.

मधे सल्ले येतच होते. एका ओळखीच्या ताईंनी टॉर्च टेस्ट करून घे म्हणून पिच्छा पुरवला. ती मी दुसऱ्या वेळेला केली होती, आधीच्या ठिकाणी, त्यात मांजरांपासून होऊ शकणाऱ्या टॉक्सो इन्फेक्शनचं आयजीजी पॉझिटिव्ह आलं आणि आम्ही शेजारच्या मांजरीला दूध घालणं बंद केलं. ती बिचारी आठवडाभर दारात ओरडत बसायची. मॅडम म्हणाल्या की आयजीजी म्हणजे कधीतरी पूर्वी इन्फेक्शन होऊन गेलं एवढंच, परत परत गर्भ जाण्याचं कारण शोधायला ह्या टेस्टचा उपयोग नाही, पैसे वाया. मांजरीचं दूध सुरू केलं परत.

तर त्या हळदीकुंकवाच्या दिवशी पर्समध्ये होता तो दुसरा रिपोर्ट. पुन्हा पॉझिटिव्ह. आता पुढच्या वेळेस छोट्या डोसची ॲस्पिरिन आणि दिवस गेल्याचं कळलं की पोटावर हेपरिनची इंजेक्शनं, रोज, अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत. बऱ्याच जणींचं त्याने राहतं, सगळ्यांचं नाही. पहिली दोन का गेली ते कधीच कळणार नाही, त्यातल्या एकाचा टिश्यू पाठवलाच नव्हता आणि दुसऱ्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

मला त्या प्रश्नात नक्की काय टोचतं ह्यावर मी खूप विचार केलाय. "काही विशेष?" विचारणारी बाई असं धरून चालते की ह्या घरात अजून काही घडलेलंच नाही, पाटी कोरी आहे. तिच्या हिशेबात शून्य आणि माझ्या हिशेबात तीन. मी "नाही हो, अजून काही नाही" म्हणते ना, तेव्हा दर वेळी त्या तिघांना मीच खोडते, आणि तेही हसत हसत. नवऱ्याला हे कधी करावंच लागलं नाही, कारण त्याला कोणी विचारतच नाही! त्याने पण रक्त दिलंय, त्याची पण गुणसूत्रं तपासली, पण त्याला विचारतात की यंदा रंगपंचमीच्या गेरला राजवाड्यावर येणार का.

त्या रात्री घरी येऊन मी त्याला म्हटलं, तुझ्या माणसांना आता तू सांग. तो तासभर मोबाईल घेऊन बसला, लिहायचा आणि खोडायचा. शेवटी फॅमिली ग्रुपवर टाकलं: "आम्हाला तीनदा दिवस गेले होते, तिन्ही वेळा राहिलं नाही. कारण सापडलंय, उपचार चालू आहेत. सांगण्यासारखं असेल तेव्हा मी स्वतः सांगेन. तोवर तिला विचारू नका, मला विचारा."

४१ जण आहेत ग्रुपवर. निळ्या टिका पटापट आल्या, उत्तर एकही नाही. पाऊण तासाने एका काकांनी गुलाबाच्या फुलावर शुभ रात्री पाठवलं. आम्ही दोघं इतके हसलो की सासूबाई उठून आल्या काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला, त्याला. मला नाही. काय बोलल्या ते त्याने सांगितलं नाही, पण संध्याकाळी माणसाबरोबर गुळाच्या पोळ्यांचा डबा पाठवला, आणि रथसप्तमीला दुसऱ्या एका घरी भेटल्या तेव्हा माझी ओटी भरताना नुसत्या म्हणाल्या, "ऊस नको ना? तुला चावत नाही तो."